भुरी दाणा उचलायची आणि टाकून द्यायची

घरातलं मांजर नखरेल असलं की एक पंचाईत होते. ते खरंच आजारी पडलं तरी सुरुवातीला कोणाला पटत नाही. आमची भुरी नऊ वर्षांची आहे आणि तिच्या खाण्याच्या तऱ्हा घरात सगळ्यांना पाठ आहेत. त्यामुळे तिने कोरड्या खाद्याच्या दाण्यांकडे पाठ फिरवली तेव्हा आई म्हणाली, "माजलीय ती. दोन वेळा उपाशी ठेव, मुकाट खाईल."

आईचंही फारसं चुकत नव्हतं, कारण भुरीचा पूर्वेतिहास तसाच होता. फ्रीजमधून काढलेलं वेट फूड ती हुंगायची आणि निघून जायची. तेच पाऊच कोमट पाण्यात धरून दिलं की वाटी चाटूनपुसून साफ. मांजर चवीपेक्षा वासावर खातं. माणसाच्या जिभेवर स्वादकलिका हजारोंनी असतात, मांजराच्या जेमतेम पाचशेच्या आसपास, आणि गोड चव तर त्यांना कळतच नाही. थंड अन्नाला वास कमी, म्हणून ते त्यांच्या लेखी अन्नच नसतं. अंगाइतकं कोमट केलं की वास सुटतो. सर्दीने नाक चोंदलेलं मांजर जेवण सोडतं तेही यामुळेच.

दाण्यांच्या बाबतीतही तिचं असंच होतं. कंपनीने मध्ये दाण्याचा आकार बदलला, गोल होता तो चपटा केला, तर बाईसाहेबांनी कित्येक दिवस नाक मुरडलं. पिशवी उघडून बरेच आठवडे झाले की तळातले दाणे ती ठेवून द्यायची. दाण्यांवर चरबीचा थर असतो, हवा लागून तो खवट होतो, आणि आपल्या नाकाला कळायच्या आधी मांजराला कळतं. आता मी लहान पिशवी आणते आणि दाणे डब्यात न ओतता मूळ पिशवीतच, तोंड घट्ट गुंडाळून ठेवते. शिवाय मांजर एका बैठकीत पोटभर जेवणारा प्राणी नव्हे. दिवसभरात दहा-पंधरा वेळा येऊन थोडं थोडं खाणं हा त्याचा स्वभाव. चार घास खाऊन निघून गेलं म्हणजे रुसलं असं नाही.

या सगळ्या नखऱ्यांत एक गोष्ट मात्र कायम असायची. नको असलेलं ती तोंडात घ्यायचीच नाही. हुंगायची, फार तर पंजाने वाटीभोवतीची फरशी खरवडून पुरल्यासारखं करायची आणि जायची. निर्णय नाकानेच व्हायचा. आणि दुसरं काही मनासारखं मिळालं की ते भरपेट खायची.

यावेळी तसं नव्हतं. पिशवीचा आवाज झाला की ती धावत यायची. पायात घोटाळायची, ओरडून घर डोक्यावर घ्यायची. वाटी ठेवली की लगेच तोंड घालायची. मी एकदा जमिनीवर आडवी होऊन बघितलं. तिने दाणा उचलला, मान उजवीकडे कलती केली, एकदा चावला, आणि तो तोंडातून खाली पडला. खालचा जबडा क्षणभर थरथरला, थंडीने दात वाजावेत तसा. मग तिने वाटीकडे असं बघितलं, जणू वाटीनेच तिला चावलं होतं, आणि दोन पावलं मागे सरली. थोड्या वेळाने पुन्हा आली, पुन्हा तेच. फरशीवर ओले, अर्धवट फुटलेले दाणे पडलेले असायचे. नखरा करणारं मांजर दाणे उष्टे करून टाकत बसत नाही, त्यामुळे मला हे ओले दाणे खटकले.

मी मोबाइलवर त्याचं चित्रण करून ठेवलं. दवाखान्यात गेल्यावर मांजर भेदरतं, तिथे ते काही खाऊन दाखवत नाही. घरचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ तिथे दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा कामी येतो.

दवाखान्यात जायच्या आधी मी घरी काही गोष्टी तपासून घेतल्या. पहिला प्रश्न दाण्यांचा. आमच्याकडे दुसरा बोका आहे, बंड्या. त्याला त्याच पिशवीतले दाणे दिले, त्याने फन्ना उडवला. बंड्या काहीही खातो, त्यामुळे त्याची साक्ष थोडी कमकुवत धरायला हवी, म्हणून मी नवी पिशवीही फोडून पाहिली. भुरीने तेच केलं. म्हणजे दोष मालात नव्हता. बंड्या तिच्या वाटीवर दादागिरी करतो की काय हेही बघायला तिला वेगळ्या खोलीत, दार लावून खायला दिलं. फरक शून्य. वाटी उथळ असावी, मिशा कडांना घासल्या की मांजराला त्रास होतो, असं बरेच जण सांगतात. मला त्यात फार तथ्य वाटत नाही, पण बशीने काही बिघडत नाही म्हणून बशीतही देऊन पाहिलं.

मग तीन बशा तिच्यापुढे ठेवल्या. एका बशीत कोरडे दाणे, दुसरीत तेच दाणे कोमट पाण्यात भिजवून मऊ केलेले, तिसरीत वेट फूड. प्रत्येक बशी आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. कोरडे दाणे जवळपास तसेच राहिले. भिजवलेले तिने बऱ्यापैकी खाल्ले. वास तोच, चव तीच, फक्त कडकपणा गेला होता. माझ्या दृष्टीने इथेच प्रश्न बराचसा सुटला. ज्याला वास आवडत नाही ते मांजर भिजवलेलंही खाणार नाही, उलट भिजवल्यावर वास आणखी उठतो. कडक नको आणि मऊ चालेल, म्हणजे तोंडात काहीतरी आहे.

आईचं म्हणणं, "पण वेट फूड खातेय ना? मग लाड मागतेय." हाच युक्तिवाद फसवा आहे. खाते आहे खरी, पण किती? चार-सव्वाचार किलोच्या, घरात राहणाऱ्या मांजराला दिवसाला ढोबळमानाने २०० किलोकॅलरी लागतात. कोरड्या दाण्यांत एका ग्रॅमला साडेतीन ते चार किलोकॅलरी असतात, म्हणजे पन्नास-पंचावन्न ग्रॅममध्ये दिवसाचं भागतं. वेट फूडमध्ये बहुतांश पाणीच असतं. ८५ ग्रॅमच्या पाऊचमधून साधारण ७० किलोकॅलरी मिळतात, पाकिटावर नेमका आकडा असतो. भुरी दिवसाला एक पाऊच आणि वर थोडंसं खात होती. म्हणजे गरजेच्या निम्म्याहूनही कमी. वाटी रिकामी दिसत होती आणि मांजर अर्धपोटी होतं.

याला वजनाने दुजोरा दिला. आधीच्या लसीकरणाच्या वेळी तिचं वजन ४.४ किलो नोंदलेलं होतं. आता भरलं ४.१. आपण मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहतो आणि आपलं वजन वजा करतो, त्यात शे-दोनशे ग्रॅमचा घोळ सहज होतो. म्हणून मी तान्ह्या बाळांचा काटा मागून आणला. ३०० ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाही, पण तिच्या वजनाच्या ते सात टक्के होतात. साठ किलोच्या माणसाचे न ठरवता चार किलो उतरले तर घरात चर्चा होईलच. मांजराचं वजन पाच टक्क्यांनी घटलं तरी कारण शोधावं, दहा टक्के म्हणजे गंभीर. आणि केसांमुळे नजरेला ते दिसत नाही, हाताला लागतं. पाठीवरून हात फिरवताना कण्याचे मणके आता स्पष्ट जाणवत होते.

उपाशी ठेवायचा सल्ला मी ऐकला नाही, त्याचं कारण सांगते. मांजर काही दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी मोठ्या प्रमाणात यकृताकडे येते, आणि इतक्या चरबीचा निपटारा करायची मांजराच्या यकृताची क्षमता नसते. चरबी यकृतातच साठत जाते आणि यकृत काम सोडायला लागतं. डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या, कानाची आतली कातडी पिवळी दिसू लागते. तोवर मांजराला मळमळ इतकी होते की ते आपणहून खाणं शक्यच नसतं, मग नळीवाटे कित्येक आठवडे अन्न द्यावं लागतं. गुबगुबीत मांजरांना हा धोका सगळ्यात जास्त. म्हणजे ज्यांना बघून आपण म्हणतो की याला दोन दिवस उपास पडला तर चांगलंच आहे, नेमकी तीच. दोन-तीन दिवसांचा पूर्ण उपास यासाठी पुरतो, आणि बरेच दिवस अर्धपोटी राहिल्यानेही हे होऊ शकतं. त्यामुळे मोठ्या मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा, लहान पिल्लासाठी तेवढीही वाट बघायची नाही, त्याच्या अंगातली साखर फार लवकर उतरते. भूक लागली की खाईल हा हिशेब मांजराला लागू पडत नाही.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी व्हिडिओ दोनदा बघितला. मग त्यांनी जे प्रश्न विचारले त्यांतून मला या विषयाचं सगळ्यात जास्त कळलं. "वाटीपाशी येते का? येऊन मग ओठ चाटते, लाळ गिळते आणि तोंड फिरवते, असं होतं का?" मी नाही म्हटलं. "पाणी जास्त पितेय? लिटर ट्रेमध्ये लघवीने होणारे वाळूचे गोळे मोठे झालेत?" तेही नाही. "उलट्या? शी रोजच्यासारखी?" सगळं ठीक होतं.

त्यांनी समजावलं ते असं. मांजर खात नाही ही एक तक्रार नव्हे, निदान तीन वेगळ्या तक्रारी आहेत. जे मांजर जेवणाच्या वेळी जागचं उठतच नाही, कपाटाखाली बसून राहतं, त्याची भूकच गेलेली असते. ताप, संसर्ग, कुठलंही मोठं दुखणं, कशानेही. जे येतं, हुंगतं, आणि मग जिभल्या चाटत, लाळ गाळत मागे फिरतं, त्याला खायचं असतं पण मळमळतं. नऊ-दहा वर्षांच्या मांजरात अशा वेळी पहिला संशय मूत्रपिंडावर घ्यायचा, कारण लघवीतून बाहेर पडायचे पदार्थ रक्तात साठले की मळमळ सुरू होते. आणि जे धावत येतं, तोंडात घेतं आणि टाकतं, त्याची भूकही शाबूत असते आणि पोटही. दुखतं ते तोंडात.

"मग हिला रक्ततपासणी कशाला?" मी विचारलं.

"एक आजार सापडला म्हणून दुसरा नसतो असं थोडंच आहे? शिवाय दातांसाठी भूल द्यावी लागणार. मूत्रपिंड आणि यकृत कसं आहे ते आधी कळू दे."

मूत्रपिंड कसं चालतंय ते ज्यावरून कळतं ते रक्तातलं क्रिएटिनिन ठीक निघालं, लघवीही चांगली घट्ट होती. लघवीची तपासणी आवर्जून मागावी असं मला वाटतं. मूत्रपिंड बिघडायला लागलं की लघवी पातळ होणं हे पहिल्या लक्षणांपैकी एक, क्रिएटिनिन बरंच नुकसान झाल्यावर वाढतं.

तोंड तपासताना भुरीने मला ओरबाडलं, मॅडमना नाही. त्यांनी ओठ बाजूला करून डावीकडची खालची दाढ दाखवली, सुळ्याच्या लगेच मागची. दातावर हिरडी चढल्यासारखा एक लालभडक ठिपका होता, मसुराएवढासुद्धा नाही. त्यांनी तिथे कापसाच्या काडीचं टोक नुसतं टेकवलं आणि जबडा तसाच थरथरला, फरशीवर बघितला होता तसा. मान ती उजवीकडे का कलती करत होती तेही आता कळलं. घास दुखऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून.

या रोगाला दात विरघळणं म्हणता येईल. डॉक्टर टूथ रिझॉर्प्शन म्हणतात. ही माणसासारखी कीड नव्हे. शरीरातल्याच पेशी दाताचा कठीण भाग खात सुटतात, बहुधा हिरडीच्या रेषेपाशी. आतला संवेदनशील भाग उघडा पडला की कडक दाणा तिथे टेकताच कळ जाते. मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या मांजरांत हे फार सर्रास आढळतं, आणि खालची ती पुढची दाढ हे त्याचं लाडकं ठिकाण. नेमकं कशाने होतं ते अजून शास्त्राला सापडलेलं नाही. घासून, स्वच्छ ठेवून हे टळेल अशी खात्री नाही, आणि भरून दात वाचवण्याचा फायदा होत नाही, पेशी खातच राहतात. दात काढणं हाच उपाय.

दात वरून जसा दिसतो त्यावर मात्र विश्वास ठेवता येत नाही. भूल देऊन दातांचे एक्स-रे काढले तेव्हा उजवीकडचा, वरून अगदी धडधाकट दिसणारा दातही मुळाशी पोखरलेला निघाला. भूल न देता दात साफ करून देणाऱ्यांकडे का जाऊ नये, याचं उत्तर मला त्या फिल्मवर मिळालं. दोन्ही दात काढले.

घरी आणल्यावर वेदनाशामक औषध दिलं होतं, मांजरासाठीचं, वजनाप्रमाणे मोजून. घरातलं माणसांचं औषध कधीच नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. वेदना आहे की नाही हे ओळखायला मॅडमनी एक सोपी रीत शिकवली. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धत प्रसिद्ध केली आहे. कान बाजूला पडलेत का, डोळे बारीक केलेत का, नाकाभोवतीचा भाग ताणलेला आहे का, मिशा ताठ सरळ झाल्यात का, डोकं खांद्यांच्या खाली गेलंय का, एवढंच बघायचं. भुरी झोपेत नसताना मी लांबून बघायचे. दुसऱ्या दिवशी डोळे अजून बारीक होते, मग हळूहळू चेहरा मोकळा झाला.

औषध मी तिच्या आवडत्या खाण्यात मिसळलं नाही. मॅडमनी बजावलंच होतं, औषधाची कडू चव लागली तर ते खाणं कायमचं हातचं जाईल. पिचकारीने गालाच्या फटीतून औषध आणि नंतर काही वेळाने जेवण, असं वेगळं ठेवलं.

जखमा भरेपर्यंत, म्हणजे दोनेक आठवडे, फक्त मऊ खाणं. वजन सावरायला लागलं. फेरतपासणीत हिरड्या छान मिटलेल्या दिसल्या, दाणे द्यायला हरकत नाही असं ठरलं. मी जुने दाणे वाटीत घातले, आणि भुरी हुंगून निघून गेली.

आता यात गंमत अशी की यावेळी तिने दाणा तोंडात घेतलाच नाही. थरथर नाही, मान कलती करणं नाही. आईने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मी मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "दुखत नाहीये आता. पण हा वास आला की दुखतं, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलंय." आजारपणात जे खाताना त्रास झाला त्या अन्नाचा मांजर धसका घेतं, आणि आजार गेला तरी धसका राहतो. मळमळीतही हेच होतं. म्हणून दवाखान्यात दाखल केलेल्या, मळमळणाऱ्या मांजरापुढे त्याचं नेहमीचं खाणं रेटू नये, नाहीतर बरं होऊन घरी आल्यावर तेच नको होतं. आणि म्हणूनच तोंडाला अन्न फासणं, जबरदस्तीने भरवणं हेही उलटं पडतं.

उपाय म्हणजे ते दाणे काही काळ नजरेआड करायचे. मी वेगळ्या वासाचे, वेगळ्या आकाराचे दाणे आणले. सुरुवातीला वेट फूडच्या बाजूला बशीत मोजके तीन-चार, मिसळून नाही. मिसळले आणि तिला संशय आला तर वेट फूडही जायचं. तिने ते आपणहून उचलले, करकर चावले, आणि त्या आवाजाने मला जे समाधान मिळालं ते सांगून पटणार नाही. मग आठ-दहा दिवसांत प्रमाण वाढवत नेलं. दोन दाढा गेल्याने तिचं काही अडलं नाही. मांजर तसंही घास फार चावत नाही, तोडतं आणि गिळतं.

आता दर रविवारी दोघांचं वजन होतं, आकडे फ्रीजवरच्या कागदावर लिहिलेले असतात. भुरी ४.३ वर आहे. एकदा दात विरघळायला लागलेल्या मांजरात पुढे आणखी दातांना तेच होण्याची शक्यता बरीच असते, त्यामुळे दर सहा महिन्यांनी तोंड तपासून घ्यायचं ठरलंय आणि गरज वाटली की पुन्हा एक्स-रे. मध्यंतरी तिने एका नव्या पाऊचला नकार दिला. हुंगलं, पंजाने फरशी खरवडली, तोंड लावलं नाही. जुनं पाऊच उघडलं तर ते सगळं संपवलं, मग बंड्याच्या मागे पळाली. त्या आठवड्याचं वजन जैसे थे होतं, म्हणून मी डॉक्टरांना फोन केला नाही. ते नवं पाऊच बंड्याने खाल्लं.